वरच्या मजल्यावरचं वायफाय: रिपीटर नको, केबल टाका

कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या दुमजली घरांत एक तक्रार नेहमीची आहे. खाली राउटरजवळ नेट छान चालतं, पण वरच्या खोलीत आखातातून आलेला व्हिडिओ कॉल अडखळतो आणि मुलीची ऑनलाइन परीक्षा मध्येच थांबते. मग वर रिपीटर लावला जातो. फोनवर सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात, तरी कॉल अडखळतोच.

याचं कारण असं की त्या काड्या फक्त फोन आणि रिपीटर यांच्यामधला सिग्नल दाखवतात. रिपीटरला मात्र खालच्या राउटरचा सिग्नल चिरा आणि स्लॅब ओलांडूनच घ्यावा लागतो. शिवाय साधा रिपीटर एकाच चॅनेलवर आधी ऐकतो आणि मग तेच पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. समजा, राउटरजवळ 100 एमबीपीएस वेग आहे आणि भिंतीपलीकडे रिपीटरला 40 मिळतो. मग फोनपर्यंत जेमतेम 20 पोहोचतो. महागड्या मेश संचात यासाठी वेगळा बँड असतो, पण भिंत त्यालाही चुकत नाही.

केबलला भिंतीची अडचण नाही. शुद्ध तांब्याची कॅट 6 केबल 100 मीटरपर्यंत पूर्ण वेग देते, आणि घरात 15-20 मीटर पुरते. ती विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप घाला. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर उन्हापावसात टिकणारी केबल घ्या.

वर लावायला घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. केबल लावण्याआधी त्यात तीन बदल करा. पत्ता `192.168.1.2` असा ठेवा. मुख्य राउटर `192.168.1.1` असेल तर हा चालेल, फक्त तो मुख्य राउटर फोनना वाटतो त्या पत्त्यांत नसावा. `DHCP` बंद करा, नाहीतर दोघेही पत्ते वाटू लागतील आणि काही फोन वायफायला जोडलेले दिसूनही नेट मिळणार नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच ठेवा, पण 2.4 गिगाहर्ट्झचं चॅनेल वेगळं निवडा: खाली 1 असेल तर वर 6 किंवा 11. मग केबलचं एक टोक मुख्य राउटरच्या `LAN` पोर्टमध्ये आणि दुसरं जुन्या राउटरच्याही `LAN` पोर्टमध्येच घाला, `WAN` मध्ये नाही. जुना रिपीटर काढून टाका.

शेवटी आधी खाली, मग वर वेग मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. तुमचं कनेक्शन 200 चं असूनही वर 95 च्या पुढे जात नसेल, तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी टोकाला नीट बसलेली नाही किंवा जुन्या राउटरचा पोर्टच 100 चा आहे. आधी टोक पुन्हा बसवून घ्या. राउटर बदलायचा विचार त्यानंतर.