सहा पॉइंट, दोन वर्षं आणि पुण्यातला पंधरा वर्षांचा अनुभव

ब्रिटनमध्ये लाल सिग्नल ओलांडला तर शंभर पौंड दंड होतो, हे तिथे नव्याने पोचलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगतं. त्या शंभर पौंडांबरोबर तीन पेनल्टी पॉइंट येतात, हे सांगायचं बहुधा राहून जातं. आपल्याकडे ई-चलान येतं ते गाडीच्या नंबरावर. ते भरलं की विषय संपतो आणि नाही भरलं तर लोकअदालतीची वाट बघता येते. या सवयीने ब्रिटनकडे बघितलं की बरेच गैरसमज होतात. गंमत म्हणजे तिथल्या थिअरी परीक्षेतले प्रश्न नेमके याच गैरसमजांवर बोट ठेवतात.

(इथे ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. उत्तर आयर्लंडची नोंदणी आणि परीक्षा वेगळ्या यंत्रणेकडे आहेत.)

गैरसमज : दंड भरला की प्रकरण मिटलं

मिटत नाही. पॉइंट गाडीला नव्हे, माणसाला चिकटतात. डीव्हीएलए ही परवाना देणारी यंत्रणा प्रत्येक चालकाची नोंद ठेवते आणि पॉइंट त्या नोंदीवर चढतात. वेगमर्यादा ओलांडण्याच्या साध्या गुन्ह्याला सहसा १०० पौंड आणि ३ पॉइंट लागतात. हातात मोबाइल धरल्यास २०० पौंड आणि ६ पॉइंट, तर विमा नसताना गाडी चालवल्यास ३०० पौंड आणि ६ पॉइंट. यातली रक्कम एकदा भरली की विसरता येते. पॉइंट मात्र बहुतेक गुन्ह्यांसाठी चार वर्षं नोंदीवर दिसतात, त्यातली पहिली तीन वर्षं ते बेरजेत धरले जातात. दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद अकरा वर्षं राहते. शिवाय विमा कंपनी दरवर्षी विचारतेच. लपवलं तर पॉलिसी रद्द होण्याची भीती, सांगितलं तर हप्ता वाढणार.

तीन वर्षांत बारा पॉइंट झाले की प्रकरण कोर्टात जातं आणि किमान सहा महिने गाडी चालवायला बंदी येते. हा नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतो आणि त्यातूनच पुढचा, सर्वांत महागडा गैरसमज जन्माला येतो.

गैरसमज : बारा होईपर्यंत काळजी नाही, आणि मी काही नवशिका नाही

ब्रिटनमध्ये नव्या चालकांसाठी १९९५चा वेगळा कायदा आहे आणि तो १९९७पासून लागू आहे. चाचणी पास झाल्यापासून पहिली दोन वर्षं परिवीक्षेची असतात. या दोन वर्षांत केलेल्या गुन्ह्यामुळे नोंदीवरचे पॉइंट सहा किंवा त्याहून जास्त झाले, तर लायसन्स रद्द होतं. निलंबित नव्हे, रद्दच. डीव्हीएलए पत्र पाठवते आणि माणूस पुन्हा शिकाऊ होतो. प्रोव्हिजनल लायसन्स काढायचं, गाडीला एल पाटी लावायची, शेजारी पात्र चालक बसवायचा आणि थिअरी व प्रत्यक्ष चाचणी, दोन्ही पुन्हा द्यायच्या.

इथे आपल्या माणसाचा घोळ होतो. त्याला वाटतं, मी पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवली आहे, चांदणी चौकातून रोज गेलो आहे, मी नवा कसा? पण भारतीय लायसन्स ब्रिटनमध्ये बदलून मिळत नाही. तिथे स्थायिक झाल्यापासून बारा महिने ते चालतं. त्यानंतर तिथली चाचणी द्यावीच लागते आणि ती पास झाल्या दिवसापासून कायद्याच्या लेखी तो नवा चालक असतो. पंधरा वर्षांचा अनुभव त्या हिशेबात कुठेच धरला जात नाही. हे मला थोडं अन्यायाचंही वाटतं, पण कायद्यात पळवाट नाही.

एक काल्पनिक उदाहरण तारखांसकट घेऊ. आपला चालक जानेवारी २०२२मध्ये लेस्टरला राहायला गेला. सप्टेंबरमध्ये त्याने प्रोव्हिजनल लायसन्स काढलं, पण भारतीय लायसन्सची बारा महिन्यांची मुदत शिल्लक असल्याने तो एकटा गाडी चालवू शकत होता. ऑक्टोबरमध्ये ३० मैलांच्या रस्त्यावर तो ४५ने जाताना कॅमेऱ्यात सापडला. थोडक्या जादा वेगाला बहुतेक ठिकाणी पॉइंटऐवजी वेग-जागरूकतेचा वर्ग करायची सवलत मिळते, पण ४५ हा वेग त्या सवलतीच्या पलीकडचा आहे. शंभर पौंड आणि तीन पॉइंट झाले. मार्च २०२३मध्ये तो प्रत्यक्ष चाचणी पास झाला आणि पूर्ण लायसन्स मिळालं. जुने पॉइंट पुसले गेले असं त्याला वाटलं. तसं होत नाही, प्रोव्हिजनल असतानाचे पॉइंट पूर्ण लायसन्सवरही पुढे येतात. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याने लाल सिग्नल ओलांडला. आणखी तीन पॉइंट.

आता बेरीज करा. दोन गुन्ह्यांमध्ये तीन वर्षांपेक्षा कमी अंतर आहे, म्हणून दोन्ही धरायचे. तीन अधिक तीन सहा. दुसरा गुन्हा परिवीक्षेच्या दोन वर्षांत, म्हणजे मार्च २०२५च्या आत घडला. लायसन्स गेलं. हाच सिग्नल त्याने एप्रिल २०२५मध्ये ओलांडला असता, तर सहा पॉइंट होऊनही लायसन्स राहिलं असतं. कोणी म्हणेल, नोव्हेंबरचा खटला लांबवून एप्रिलनंतर निकाल लावून घ्यावा. त्याचा उपयोग नाही. कायदा गुन्ह्याची तारीख बघतो, निकालाची नाही.

बारा पॉइंटांच्या प्रकरणात कोर्टासमोर ‘असाधारण हाल होतील’ अशी बाजू मांडता येते आणि कधी कधी बंदी टळते. इथे ती खिडकी नाही. पॉइंट पक्के झाले की रद्द करण्याचं काम प्रशासकीय आहे, त्यात कोणाची मर्जी चालत नाही. आणि रद्द झाल्यावर पुन्हा चाचणी दिली म्हणून ते सहा पॉइंटही जात नाहीत, आपल्या मुदतीपर्यंत नोंदीवर बसून राहतात. बारा पॉइंटांची बंदी भोगून आलेल्याची बेरीज मात्र पुन्हा शून्यापासून सुरू होते. हे उलटं वाटतं खरं, पण तसंच आहे. दिलासा एवढाच की चाचणी पुन्हा पास झाल्यावर परिवीक्षेची दोन वर्षं नव्याने सुरू होत नाहीत.

गैरसमज : सिग्नलला गाडी थांबली असताना फोन बघितला तर चालतं

चालत नाही, आणि नव्या चालकाच्या बाबतीत या एकाच चुकीने सगळं संपतं, कारण पॉइंट सहा आहेत. मार्च २०२२पासून नियम आणखी कडक झाला. फोटो काढणं, गाणं बदलणं, स्क्रीन वर-खाली करणं, हातात फोन धरून केलेलं हे सगळं त्यात येतं. वाहतुकीत अडकून इंजिन चालू असताना थांबलेली गाडीसुद्धा ‘चालवत असलेली’ मानतात. सूट आहे ती मोजक्या प्रसंगांना. उदाहरणार्थ, खाद्यपदार्थांच्या खिडकीशी थांबून फोनने पैसे देता येतात. थांबणं धोक्याचं असेल तर आणीबाणीचा ९९९ लावता येतो.

गैरसमज : पत्राला उत्तर दिलं नाही तर त्यांना कळणार कसं?

कॅमेऱ्याला गाडीचा नंबर दिसतो, चालकाचं नाव नाही. म्हणून नियमाप्रमाणे चौदा दिवसांच्या आत गाडीच्या नोंदणीकृत धारकाला पत्र येतं आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे त्याने २८ दिवसांत कळवायचं असतं. आपल्याकडची सवय सांगते, पत्र बाजूला ठेवा, बघू पुढे. पण न कळवणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सहा पॉइंट लागतात. वेगाच्या तीनऐवजी मौनाचे सहा. परिवीक्षेतल्या चालकाचं लायसन्स अशाने केवळ न उघडलेल्या पाकिटापायी जाऊ शकतं. घर बदलल्यावर गाडीच्या नोंदणीवरचा पत्ता बदलायला विसरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पत्र जुन्या घरी पडून राहतं आणि मुदत चालू राहते.

मग मेहुण्याचं नाव देऊ? ती वाट तुरुंगाकडे जाते. ब्रिटनचे माजी ऊर्जामंत्री ख्रिस ह्यून यांनी २००३मधले वेगाचे पॉइंट तेव्हाची पत्नी विकी प्राइस यांच्या नावावर घालवले. दहा वर्षांनी, मार्च २०१३मध्ये, न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा झाली. मंत्रिपद आधीच गेलं होतं. तीन पॉइंट वाचवायला निघालेल्या माणसाने एवढं गमावलं.

गैरसमज : परीक्षेसाठी दंडाचे आकडे पाठ केले की झालं

थिअरी परीक्षेत ५० बहुपर्यायी प्रश्न असतात, वेळ ५७ मिनिटं आणि पास व्हायला ४३ बरोबर हवेत. त्याच बैठकीत धोका ओळखण्याच्या चित्रफितींचा दुसरा भाग असतो आणि दोन्हींत पास व्हावं लागतं. परीक्षा इंग्रजीत किंवा वेल्श भाषेत देता येते. आपल्या लर्निंग लायसन्सच्या परीक्षेतल्यासारखी चिन्हं ओळखून इथे पार पडत नाही. गुन्ह्यांवरच्या प्रश्नांचा रोख दंडाच्या रकमेपेक्षा परिणामावर, मुदतीवर आणि जबाबदारीवर असतो. प्रश्न कसा फसवतो ते दिसावं म्हणून त्या धर्तीचा एक मी रचला आहे :

पूर्ण लायसन्स मिळून अठरा महिने झालेल्या चालकाच्या नोंदीवर सहा पॉइंट झाले. आता काय होईल? (अ) सहा महिने बंदी. (आ) दंड दुप्पट. (इ) लायसन्स रद्द, पुन्हा दोन्ही चाचण्या. (ई) वर्गाला बसावं लागेल.

उत्तर इ. पण चुकणारे बहुतेक अ निवडतील, कारण ‘सहा महिने’ हा आकडा त्यांनी कुठेतरी वाचलेला असतो आणि तो खोटाही नाही. तो बारा पॉइंटांच्या नियमातला आहे. ई हा पर्यायही हवेतला नाही, फक्त वर्ग पॉइंट लागण्याआधी मिळतो, नंतर नाही. चुकीचे पर्याय असे शेजारच्या नियमांतून उचललेले असतात. म्हणून प्रश्नात आधी दोन गोष्टी शोधायच्या : चाचणी कधी पास झाली आणि पॉइंट किती. ‘दोन वर्षांच्या आत’ आणि ‘सहा’ एकत्र दिसले की उत्तर रद्द आणि पुनर्परीक्षा. ‘तीन वर्षांत’ आणि ‘बारा’ दिसले की बंदी.

जबाबदारीचे प्रश्न असेच एका आकड्यावर फिरतात. मागच्या सीटवर बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाने पट्टा लावला नाही तर दोष चालकाचा, मुलाचे वडील शेजारी बसलेले असले तरी. मुलगा चौदा वर्षांचा असेल तर दोष त्याचा स्वतःचा.

गैरसमज : आंतरराष्ट्रीय परवाना काढला की बारा महिन्यांची मुदत वाढते

वाढत नाही. तो परवाना भारतीय लायसन्सचा अनुवाद असतो, तो वेगळा हक्क देत नाही. तेराव्या महिन्यात एकट्याने गाडी बाहेर काढली तर ते योग्य लायसन्सशिवाय चालवणं ठरतं. अशा वेळी विमाही लागू राहत नसल्याचं निघू शकतं आणि विम्याशिवायच्या गुन्ह्याला किमान सहा पॉइंट आहेत. पूर्ण लायसन्स अजून हातात नसलं तरी हे पॉइंट हवेत विरत नाहीत. डीव्हीएलए त्या नावाने नोंद उघडते आणि पॉइंट तिथे जमा होतात.