‘वाईट नाही’ म्हणजे किती चांगलं?

प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचून ब्रिटिश मार्गदर्शकाने एवढंच म्हटलं, ‘नॉट बॅड ॲट ऑल.’ याचं मराठी ‘अजिबात वाईट नाही’ असं केलं, तर वाचणाऱ्या विद्यार्थिनीला वाटेल, जेमतेम पास झालो. मार्गदर्शकाला बहुधा म्हणायचं असतं, ‘छान जमलंय.’

ब्रिटिश बोलण्यात कौतुक असं दबक्या आवाजात येतं. उलट्या शब्दाला नकार जोडून होकार सुचवण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत ‘लायटोटीज’ म्हणतात. कौतुक किती खरं, हे शब्दांपेक्षा आजूबाजूच्या खुणा सांगतात. ‘ॲट ऑल’ जोडलं की पारडं सहसा कौतुकाकडे झुकतं. ‘बॅड’वर जोर देऊन आश्चर्याने म्हटलं, तर दादच असते. पण आवाज अर्धवट लोंबकळत राहिला, तर पुढे ‘पण’ येणार हे ओळखावं. छापील मजकुरात आवाज नसतो, म्हणून अनुवादकाला पुढचं वाक्य बघावं लागतं. तिथे दुरुस्त्यांची यादी असेल तर ‘ठीक आहे’, ‘हे छापायला पाठवा’ असं असेल तर ‘उत्तम’.

मराठीला ही लकब परकी नाही. ‘थोडाथोडका पैसा नव्हे’, ‘साधीसुधी गोष्ट नाही’ असं आपण सर्रास बोलतो आणि त्याचा अर्थ भरपूर, मोठी असाच होतो. फरक इतकाच, की आपण कमीपणा नाकारतो तेव्हा जोर चढतो. ‘वाईट’ नाकारलं की गाडी बहुतेकदा मधल्याच स्टेशनावर थांबते. ‘मुलगा काही वाईट नाही’ हे वाक्य ऐकून स्थळ पक्कं झालं असं कोणी समजत नाही.

‘कुड बी वर्स’चा घोळ आणखी वेगळा. कसं काय चाललंय, या प्रश्नाला इंग्रज हे उत्तर देतो, तेव्हा त्याचं बऱ्यापैकी चाललेलं असू शकतं. शब्दशः ‘याहून वाईट होऊ शकलं असतं’ केलं, तर मराठी वाचकाला अपघातातून थोडक्यात वाचलेला माणूस दिसतो. इथे ‘चाललंय बरं’ पुरतं.

इतर भाषांचे हिशेब आणखी निराळे. चिनी ‘बूत्सुओ’ची फोड ‘चूक नाही’ अशी होते, पण रोजच्या वापरात त्याचा अर्थ ‘चांगलं आहे’. फ्रेंच ‘पा माल’ म्हणजे ‘वाईट नाही’, आणि तेही अनेकदा खरी दाद असते. पण त्याच्यापुढे ‘द’ आणि नाम आलं, की अर्थ ‘बरेच’ असा होतो. सभेला ‘पा माल द मोंद’ होते, म्हणजे बरीच गर्दी होती. तिथे ‘लोक वाईट नव्हते’ असं भाषांतर झालं, तर गर्दी गायब होऊन श्रोत्यांना चारित्र्याचा दाखला मिळतो.