अ, ब की दोन्ही?

मांडवगण फराट्याच्या आमच्या शेतात भीमेचे पाणी येते ते भावकीच्या सामाईक पाइपलाइनने. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास ती दोन ठिकाणी फुटली. दुरुस्ती करायची की नवी टाकायची, हे सगळ्यांना मिळून ठरवायचे होते. भावकी मात्र गावात, हडपसरला आणि न्यू जर्सीत विखुरलेली. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांनी सगळ्यांना ईमेल केला:

«सर्वांस नमस्कार. इकडे सर्व ठीक. पाइपलाइन पुन्हा फुटली, मागेही बोललो होतो पण सगळ्यांना जमले नाही, तर आता भाऊबीज झाल्यावर किंवा पुढच्या रविवारी बसू, पण त्या आठवड्यात आपल्याकडे रात्रीची लाइट आहे म्हणून मला उशिरा जमणार नाही, टोळी आली तर ऊसतोडही लागेल, सकाळी म्हटले तर अमेरिकेत रात्र असते, तरी सगळ्यांनी विचार करून आपापले कळवावे आणि खर्चाचेही बघावे.»

तीन उत्तरे आली. ताईने लिहिले, «चालेल.» न्यू जर्सीतल्या पुतण्याने लिहिले, «रविवार ओके.» तिसऱ्याने फक्त खर्चाबद्दल लिहिले आणि तारखेचे नावही काढले नाही. आबा वैतागले. मला मात्र दोष पत्राच्या बांधणीत दिसला. शेवटचे वाक्य खर्चाचे होते, म्हणून एकाने खर्चाचे उत्तर दिले. माणूस जे शेवटी वाचतो त्यालाच उत्तर देतो.

आबांच्या ओट्यावर बसून आम्ही ते पत्र पुन्हा लिहिले. आधी मी विचारले, «आबा, यातून तुम्हाला नेमके काय कळायला हवे?» ते म्हणाले, «कोणता दिवस, एवढेच.» मग प्रत्येक वाक्य या कसोटीवर लावले. रात्रीच्या लाइटची अडचण आबांची. ती त्यांनी मनाशी धरून वेळ काढायची, वाचणाऱ्याला तिचा हिशेब करायला लावायचा नाही. टोळीचेही तसेच. खर्चाचा मजकूर वेगळ्या पत्रासाठी ठेवला.

सर्वांत जास्त वेळ तारखेच्या शब्दांनी घेतला. ‘पुढचा रविवार’ म्हणजे आबांच्या लेखी भाऊबीजेनंतरचा दुसरा, ताईच्या लेखी पहिलाच. ‘परवा’ तर मागचाही असतो आणि येणाराही. म्हणून वार, तारीख आणि तास तिन्ही लिहायचे ठरले. वार आणि तारीख जुळली नाही, तर चूक वाचणाऱ्याच्याही लगेच लक्षात येते.

अमेरिकेचा तास काढताना मीच फसणार होते. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे घेतात. आपले घड्याळ बदलत नाही. त्यामुळे आपल्या सायंकाळच्या ७ ला न्यू जर्सीत २६ ऑक्टोबरला सकाळचे ९:३० होते, तर आठवड्याने, २ नोव्हेंबरला, ८:३०. दोन्ही तारखांना ९:३० च लिहिले असते, तर २ नोव्हेंबरला पुतण्या तासभर उशिरा आला असता.

शेवटी हे पत्र गेले:

विषय: पाइपलाइन बैठक, २६ ऑक्टो. की २ नोव्हें.?

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत.
पाइपलाइन दोन ठिकाणी फुटली आहे.
दुरुस्ती की नवी, हे ठरवायला पाऊण तास व्हिडिओ कॉल करू.
(अ) रविवार, २६ ऑक्टोबर: भारत सायं. ७, न्यू जर्सी सकाळी ९:३०
(ब) रविवार, २ नोव्हेंबर: भारत सायं. ७, न्यू जर्सी सकाळी ८:३०
बुधवार, १५ ऑक्टोबरपर्यंत उत्तर आले नाही, तर दोन्ही चालतील असे धरेन.
खर्चाचा अंदाज वेगळा पाठवतो.
तुम्हाला काय जमेल: अ, ब की दोन्ही?

‘दोन्ही’ हा पर्याय मी हट्टाने घातला. तो नसता तर ज्याला काहीही चालते तोही एकच अक्षर लिहून मोकळा झाला असता आणि जुळवाजुळव अडली असती. विषयाच्या ओळीतही तारखा घातल्या, कारण फोनवर पत्र उघडण्याआधी तेवढेच दिसते. पर्याय दोनच ठेवले. ‘कधी जमेल?’ असे मोकळे विचारले असते, तर प्रत्येकाने आपला वेगळाच दिवस सांगितला असता.

आबांना पत्र कोरडे वाटले. मग मला आजोबांचे एक कार्ड आठवले. ‘सा. न. वि. वि.’ झाल्यावर त्यात एवढेच होते की बुधवारी दुपारच्या गाडीने दौंडला उतरतो, बैलगाडी पाठवावी. ते कार्ड कोणालाही कोरडे वाटले नव्हते. तरीही आबांच्या मनासाठी खाली एक ओळ जोडायची होती, ‘घरी सगळे बरे आहेत’. ती मी वर, नमस्काराशेजारी नेली. प्रश्नाच्या खाली गेली असती, तर उत्तर तिलाच आले असते.

दोन दिवसांत हडपसरहून ‘अ’, न्यू जर्सीहून ‘दोन्ही’ आणि तिसऱ्याकडून ‘अ’ आले. काकू ईमेल उघडत नाहीत. त्यांचे मौन होकार धरणे बरे नव्हते, म्हणून आबा सायकल काढून त्यांच्या वस्तीवर गेले आणि तारखा तोंडी विचारून आले.