सगळं सोन्यात ठेवलं, तर जोखीम कमी होते?

शेअर बाजाराची धास्ती घेतलेला माणूस बहुधा सगळी शिल्लक सोन्यात घालतो. शेअर जास्त हेलकावे खातात, सोनं कमी; मग सोनंच सुरक्षित, असा त्याचा सरळ हिशेब असतो. हा हिशेब कुठे चुकतो, ते हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली एका शोधनिबंधात मांडलं. त्या कामासाठी १९९० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्यांची मांडणी दोनच गुंतवणुकींवर, कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येते.

सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. शेअरच्या इंडेक्स फंडाचा वार्षिक अपेक्षित परतावा १२ टक्के आणि चढउतार २० टक्के. सोन्याचा परतावा ८ टक्के आणि चढउतार १५ टक्के. चढउतार म्हणजे इथे प्रमाण विचलन: दरवर्षीचा परतावा सरासरीपासून साधारण किती लांब जातो, त्याचं माप. त्याचा वर्ग केला की व्हेरिअन्स मिळतो: शेअरचा ४००, सोन्याचा २२५. दोघांच्या चढउतारांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणजे सहसंबंध शून्य, असंही तूर्त मानू.

आता सगळ्या सोन्यातून दहा टक्के काढून शेअरमध्ये घाला. मिश्रणाचा व्हेरिअन्स काढताना प्रत्येक वाट्याचा वर्ग त्याच्या व्हेरिअन्सने गुणायचा आणि बेरीज करायची. सोन्याचे ०.८१ गुणिले २२५ म्हणजे १८२.२५, शेअरचे ०.०१ गुणिले ४०० म्हणजे फक्त ४. बेरीज १८६.२५, वर्गमूळ सुमारे १३.६. जास्त हेलकावणारी वस्तू आत आली आणि एकूण हेलकावा १५ वरून खाली उतरला! छोट्या वाट्याचा वर्ग अगदीच छोटा होतो, म्हणून हे घडतं.

पण शेअर वाढवत गेलं, तर कधीतरी हा फायदा संपतो. तो नेमका बिंदू सहसंबंध शून्य असताना सोप्या भागाकाराने सापडतो: शेअरचा वाटा म्हणजे सोन्याचा व्हेरिअन्स भागिले दोघांच्या व्हेरिअन्सची बेरीज. २२५ भागिले ६२५, म्हणजे ३६ टक्के शेअर आणि ६४ टक्के सोनं. या मिश्रणाचा व्हेरिअन्स १४४, म्हणजे चढउतार १२ टक्के. यापेक्षा शांत मिश्रण या दोघांतून होत नाही. इथे चूक होते ती व्हेरिअन्सऐवजी प्रमाण विचलन वापरल्याने. मग १५ भागिले ३५ करून ४३ टक्के येतात. उत्तर तपासायची खूण अशी, की वाटा गुणिले व्हेरिअन्स दोन्हीकडे सारखा आला पाहिजे. ०.३६ गुणिले ४०० म्हणजे १४४, आणि ०.६४ गुणिले २२५ म्हणजेही १४४.

या सगळ्यात परताव्याचा आकडा कुठेच लागला नाही. तो लागतो नकाशा काढताना. आडव्या अक्षावर चढउतार, उभ्या अक्षावर परतावा घेऊन सगळी मिश्रणं मांडली, की डावीकडे फुगलेली वक्ररेषा तयार होते. तिचं सर्वांत डावीकडचं टोक म्हणजे आपलं ३६–६४ चं मिश्रण, परतावा ९.४४ टक्के. त्या टोकापासून वरची फांदी म्हणजे कार्यक्षम सीमा. खालच्या फांदीवर थांबण्यात अर्थ नाही, कारण तिथल्या प्रत्येक मिश्रणाला तेवढ्याच जोखमीत जास्त परतावा देणारा जोडीदार बरोबर वर असतो. सगळं सोनं खालच्या फांदीच्या शेवटी बसतं: चढउतार १५, परतावा ८. त्याच्या नेमकं वर ७२ टक्के शेअर आणि २८ टक्के सोनं आहे: चढउतार तोच १५, परतावा १०.८८.

मात्र हे सगळं सहसंबंधावर उभं आहे. तो शून्याऐवजी ०.३ असेल, तर दोघांचं सहविचरण ०.३ गुणिले २० गुणिले १५, म्हणजे ९० होतं. ते वरून एकदा आणि खालून दोनदा वजा करायचं: १३५ भागिले ४४५. शेअरचा वाटा ३० टक्क्यांवर येतो आणि किमान चढउतार सुमारे १३.६ होतो. सहसंबंध ०.७५ झाला, की वरचा आकडाच शून्य होतो. तेव्हा मात्र सगळं सोन्यात ठेवणारा माणूस किमान जोखमीच्या बिंदूवरच असतो.

प्रत्यक्षात हा आकडा जुन्या किमतींवरूनच काढावा लागतो आणि तो एका जागी राहत नाही. मार्च २०२० मध्ये शेअर कोसळत असताना काही दिवस सोनंही उतरलं होतं. म्हणून सहसंबंध एकच धरून न थांबता ०, ०.३ आणि ०.५ असे तिन्ही घालून पाहावेत. आपल्या उदाहरणात शेअरचा वाटा ३६, ३० आणि २३ टक्के येतो. तिन्ही उत्तरांमध्ये सगळं सोनं खालच्याच फांदीवर राहतं. नेमक्या टक्क्यापेक्षा ही गोष्ट जास्त भरवशाची आहे.