रात्रपाळीची पहिली रात्र

सोलापुरात १८७७ साली स्थापन झालेल्या जुन्या मिलचा भोंगा आता वाजत नाही. पण पाळी काही घरातून गेलेली नाही. सूतगिरणी, रेल्वे, इस्पितळ, कुठं ना कुठं रात्रपाळी आहेच. ती निभावायची कशी, याचं अर्धं उत्तर घरातल्या वेळापत्रकात असतं.

सर्वांत अवघड असते ती पाळी बदलल्यावरची पहिली रात्र. समजा, सूतगिरणीतल्या तुमच्या यजमानांची पाळी रात्री ११ ते ७ आहे. सकाळी ६ला उठलेला माणूस ११ला कामावर उभा राहतो, तेव्हा त्याला जागून सतरा तास झालेले असतात. आणि पहिलंच काम म्हणजे चालू यंत्र ताब्यात घेणं, तुटलेले धागे पाहून जोडणं! डोळे पेंगत असतील तर हात चुकायचाच.

बऱ्याच घरी जेवण उरकून ‘आठला जरा पडा, दहाला उठवते’ असं म्हणतात. पण संध्याकाळी ७ ते ९ शरीर आपणहून जागं असतं, झोप लागत नाही. लागलीच, तर उठल्यावर अर्धा तास तरी डोकं जड राहतं. त्याऐवजी दुपारी २ ते ४ पाहा; त्या वेळी शरीराला सुस्ती येतेच. दुपारचं जेवण साडेबाराला हलकं द्या, खोली अंधारी करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडकीला ओला पडदा किंवा कूलर हवाच. दोन-अडीच तास झोप मिळाली की पुरे.

मुख्य जेवण साडेसातला: भाकरी, आमटी, भाजी. चहा निघताना, दहाच्या सुमारास. त्याचा अंमल चढायला अर्धा तास लागतो, म्हणजे नेमका कामाच्या वेळी. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही थोडंच द्या. दोन वाजता पोटभर भात खाल्ला की पहाटे ३ ते ५ ची मूळची झोप आणखी दाटते. शेवटचा चहा दोनपर्यंत; चहाचा निम्मा अंमल पाच तासांनीही उरतो, मग सकाळची झोप उडते.

सकाळी उन्हातून येताना डोळ्यांवर काळा चष्मा असू द्या. हलकी न्याहारी आणि साडेआठला झोप. नळाला पाणी येणार असेल, तर भांड्यांचा आवाज दाराबाहेर राहील असं पाहा.

बेत जमला की नाही, हे ओळखायचं कसं? पाळी सुरू झाल्यावर पहिल्या तासात जांभया, विसर, हातून चुका होत असतील, किंवा बसताक्षणी डुलकी लागत असेल, तर दुपारची झोप कमी पडते आहे. ती अर्ध्या तासानं लवकर सुरू करून पाहा.

एक मात्र लक्षात ठेवा: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. आणि मुक्कामावर जाताना पेंग येत असेल, तर स्कूटर घरीच राहू द्या.