पहिले दहा दिवस आणि सशाची पेटी

शेळी माजावर आली की ओरडून गोठा डोक्यावर घेते. सशाच्या मादीचे तसे नाही. तिला ठराविक दिवसांनी माज येत नाही आणि नराशी संयोग झाल्याशिवाय तिच्या अंडाशयातून बीजांडे सुटत नाहीत. संयोगानंतर दहा-बारा तासांनी ती सुटतात. त्यामुळे पिल्ले कधी जन्मावीत, हे पाळणारा बऱ्याच अंशी स्वतः ठरवू शकतो. मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिलासारख्या जाती पाळणाऱ्याने हे नीट वापरले, तर पिल्लांची बरीचशी मर टळते.

मादी पाच-सहा महिन्यांची होऊन अंगाने भरल्यावरच तिला नर दाखवावा. शेपटी उचलून पाहिले की योनिमुख गुलाबी-लालसर दिसते, तेव्हा ती तयार असते. फिकट पांढरे दिसले तर दोन-तीन दिवस थांबावे. नेहमी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. उलट केले तर मादी आपली जागा राखण्यासाठी नराला चावते आणि नर नवी जागा हुंगण्यातच वेळ घालवतो. संयोग साधला की नर बाजूला कोसळतो, हीच खूण. सहा-आठ तासांनी तोच नर पुन्हा दाखवला तर गर्भ राहण्याची शक्यता वाढते.

समजा, 1 नोव्हेंबरला दोन माद्या भरवल्या. 14 नोव्हेंबरच्या सुमारास पोट हलक्या हाताने चाचपले, तर बोरांएवढ्या गाठी बोटांना सरकत्या लागतात. हे अनुभवी माणसाकडून शिकून घ्यावे. जोर लावला तर गर्भ दगावतो. गाठी लागल्या नाहीत तर मादी पुन्हा नराकडे न्यावी. गाभण मादी साधारण 31 दिवसांनी, म्हणजे 2 डिसेंबरच्या आसपास विते. पेटी 28 नोव्हेंबरला पिंजऱ्यात हवी. फार आधी ठेवली तर मादी तिच्यात लघवी करते. ठेवायची राहिली तर पिल्ले जाळीवर पडतात आणि थंडीने मरतात.

पेटी मादीला वळता येईल एवढी असावी आणि तिला वीतभर उंच उंबरा असावा. कारण आचळाला चिकटलेले पिल्लू मादीबरोबर फरफटत बाहेर येते. मांजरी आपले पिल्लू उचलून परत नेते, सशाची मादी नेत नाही. पेटीत कोरडे गवत भरपूर घालावे. विण्याच्या सुमारास मादी स्वतःच्या पोटाची लव उपटून त्यात अंथरते. पिल्ले उघडी, आंधळी आणि जेमतेम पन्नास ग्रॅमची असतात. त्यांच्याभोवती 30 ते 35 अंशांची ऊब राहायला हवी, आणि ती या लवेतूनच मिळते.

आता पेटी उघडून मोजा. एका मादीला दहा पिल्ले झाली, दुसरीला पाच. एका वेतात सहा ते आठ पिल्ले हे चांगले प्रमाण आहे, आणि मादीला आचळे बहुधा आठच असतात. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तेही तीन-चार मिनिटे पाजते. तेवढ्यात ज्याला आचळ सापडले नाही ते दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहते. म्हणून दहांतली दोन धष्टपुष्ट पिल्ले पाचांच्या पेटीत सरकवावीत. अशक्त पिल्लाला नव्या घरात टिकाव धरणे अवघड जाते. हलवताना त्यांच्या अंगाला नव्या पेटीतली लव चोळावी. पहिल्या दोन-तीन दिवसांतच हे करावे, आणि त्यासाठीच दोन माद्या एकाच दिवशी भरवायच्या.

पुढचे दहा दिवस रोज सकाळी पेटी पाहावी. पोट टम्म असून पातळ कातडीतून पांढरे दूध दिसले, तर पिल्लू प्यायले आहे. कातडी सुरकुतलेली आणि पिल्लू सारखे वर उसळत असेल तर ते भुकेले आहे. सगळीच भुकेली दिसली तर मादीची कास पाहा. ती गरम, लाल आणि कडक असेल तर कासदाह आहे. तिची पिल्ले दुसऱ्या मादीखाली सोडू नयेत, कारण संसर्ग तिकडेही जातो. पेटीबाहेर गार पडलेले पिल्लू सापडले तर आधी ऊब द्यावी, मगच पेटीत ठेवावे. ओले गवत आणि मेलेले पिल्लू त्याच दिवशी काढावे. लाल मुंग्या वर चढू नयेत म्हणून पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. व्यायलेल्या मादीपुढचे पाणी क्षणभरही आटू देऊ नये. तहानलेली किंवा कुत्र्या-माणसांच्या गलक्याने बिथरलेली मादी पिल्ले खाऊ लागते.

दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्ले बाहेर येऊन चारा तोंडात घेऊ लागतात. काही जण मादी व्यायल्यावर अकराव्या दिवशीच तिला पुन्हा भरवतात. खुराक उत्तम असेल तर ते जमते. घरच्या घरी चारा-पाला देऊन सांभाळणाऱ्याने पाच आठवड्यांनी, 6 जानेवारीच्या सुमारास पिल्ले तोडावीत आणि मग मादी भरवावी. अशाने वर्षात चार-पाच वेते मिळतात. एप्रिल-मेमध्ये मात्र थांबावे. तापमान 32 अंशांवर टिकले की नराचे वीर्य बिघडते आणि ऊन उतरल्यावरही ते सुधारायला सहा-सात आठवडे लागतात. म्हणून जूनमध्ये वेत तीन-चार पिल्लांचे निघाले, तर मादी विकण्याआधी नराकडे पाहावे.