वजनकाट्याची साक्ष आणि कंबरेचा घेर

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी भरलेल्या एका आरोग्य तपासणी शिबिरात मी आणि माझा एक वर्गमित्र एकाच रांगेत उभे होतो. वसतिगृहात आमच्या पथाऱ्या शेजारी शेजारी असत. पुढे मी शिक्षक झालो, तो गवंडी झाला. योगायोग असा, की आम्हा दोघांचीही उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो भरले. दोघांच्याही हाती एकच शेरा असलेली चिठ्ठी आली: बीएमआय २२.८, सामान्य. मी समाधानाने चिठ्ठी खिशात घातली.

त्याच शिबिरात आमच्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी परिचारिका म्हणून काम करीत होती. "सर, जरा इकडे या," म्हणून तिने मला बाजूला घेतले आणि पोटाभोवती टेप फिरविली. माझ्या कंबरेचा घेर ९४ सेंटिमीटर निघाला. माझ्या मित्राचा ७८ होता. तिच्या आग्रहावरून मी दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासले. साखर ११८ आली. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी मानतात. पुढे सोनोग्राफीत यकृतावर चरबी असल्याचेही दिसले. वजनकाट्याने आणि उंचीच्या पट्टीने मला निर्दोष ठरविले होते, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. त्यांना विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे सुमारे २.७२; ६२ ला त्याने भागले की २२.८. या गणितात शरीर आतून कसे आहे याचा उल्लेख कोठेच नाही. घमेली उचलून घडलेला स्नायू आणि खुर्चीत बसून साठलेली चरबी यांचे किलो काट्यावर सारखेच भरतात. चरबी मांडीवर आहे की आतड्यांभोवती, हेही त्याला कळत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या आकड्याची वंशावळ पाहावीशी वाटली. हे सूत्र मुळात वैद्यकाचे नाहीच. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माणसांच्या मोजमापांचा अभ्यास केला. समाजातला 'सरासरी माणूस' कसा असतो, हा त्यांचा शोध होता. प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. एखाद्या रोग्याचा लठ्ठपणा ठरविणे हा त्यांचा हेतू नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ अँसल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मोजमापे घेऊन निरनिराळी सूत्रे ताडून पाहिली आणि केटले यांच्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. स्त्रिया त्या पाहणीत नव्हत्या, आणि भारत त्या पाच देशांत नव्हता. मोठ्या लोकसमूहांची तुलना करायला हे सूत्र सोयीचे आहे, आणि त्या कामात ते आजही उपयोगी पडते. समूहासाठीचे माप एकेका माणसाच्या खिशात निकालपत्रासारखे घातले जाते, तेथे घोटाळा होतो. सरासरी माणूस रांगेत कधीच उभा नसतो.

भारतीयांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक गंभीर का, याचे फार बोलके उदाहरण पुण्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या वजनात ती ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या वजनात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिकांनी विनोदाने लिहिले, की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठणे. पण विनोदाच्या पाठोपाठ एक गंभीर नोंदही होती: जन्मतः आपले वजन कमी होते, आणि गर्भातील कुपोषणाचा याच्याशी संबंध असू शकतो.

ही नोंद मला शिबिरातल्या चिठ्ठीपेक्षा अधिक विचार करायला लावते. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे यांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे सुमारे ३.५ किलोची. फरक सर्व अवयवांत सारखा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बाळ दिसायला हडकुळे, पण त्या हडकुळेपणात चरबीचा वाटा मोठा. 'कृश पण चरबीयुक्त' असा हा देह मोठेपणी भरपूर अन्न आणि बैठे काम यांच्या वाट्याला आला, तर मधुमेहाकडे लवकर झुकतो, असा या संशोधकांचा तर्क आहे. आनुवंशिकता, आहार, श्रमाचा अभाव हे वाटेकरी त्यात आहेतच, आणि कोणाचा वाटा किती हे अजून पूर्णपणे उलगडलेले नाही.

आपल्या शाळेच्या जुन्या पटावरची नावे आठवून पाहा. अर्धपोटी राबणाऱ्या मातांच्या पोटी आलेली, वसतिगृहात पहिल्यांदा दोन वेळचे जेवण नियमित मिळालेली मुले आपल्यांत किती होती! त्यांतले पुष्कळ जण आज कार्यालयांत, शाळांत, बँकांत बसून काम करतात. जे बाप-आजे दिवसभर उन्हात राबत, त्यांची ही पहिली खुर्चीवर बसलेली पिढी. या पिढीतल्या माणसाचे हातपाय बारीक राहतात, वजन फारसे वाढत नाही आणि पोट तेवढे पुढे येते. बीएमआय अशा माणसाला 'सामान्य' म्हणतो. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी मर्यादा खाली आणली: पाश्चात्त्य मापाने २५ पासून जादा वजन, तर आपल्याकडे २३ पासून. पण माझा आकडा २२.८ होता, हे विसरता येत नाही. मर्यादा खाली सरकविल्याने आंधळेपणा कमी होतो, जात नाही.

कंबरेचा घेर नेमका येथे उपयोगी पडतो. चरबी कोठे साठते याला महत्त्व आहे, हे फ्रान्समधील डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच मांडले होते: नितंब व मांड्यांवरची चरबी आणि पोटावरची चरबी यांचे परिणाम वेगळे असतात. त्वचेखालची चरबी हे बऱ्याच अंशी निरुपद्रवी कोठार आहे. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र अधिक चंचल. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून थेट यकृतात पोहोचतात. यकृतात चरबी साठू लागली, की इन्शुलिनचा हुकूम तेथे नीट पाळला जात नाही, आणि रक्तातली साखर व मेद वाढू लागतात. टेप ही चरबी थेट पाहू शकत नाही. पण पोटाचा वाढता घेर तिची खूण सांगतो, आणि काट्यापेक्षा अधिक भरवशाने सांगतो.

दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी मानली जाते. याहून सोपी कसोटी म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. ती स्त्री-पुरुष दोघांना चालते. मला ८२.५ चालले असते, होते ९४. माझा गवंडी मित्र ७८ वर होता.

मोजताना मात्र पुष्कळ चुका होतात, आणि बहुतेक स्वतःच्या बाजूने होतात. पुरुष पँटचा आकडा सांगतात. पोट सुटले की पँट त्याच्याखाली सरकते आणि वीस वर्षे एकच आकडा चालतो. स्त्रिया परकराच्या नाडीची जागा धरतात. खरी जागा बोटांनी शोधावी लागते. कुशीत सर्वांत खालची बरगडी चाचपावी, मग कमरेच्या हाडाची वरची कड, आणि या दोहोंच्या मधोमध खूण करावी. पाय किंचित अंतरावर ठेवून सरळ उभे राहावे, टेप उघड्या अंगावर, जमिनीला समांतर फिरवावी. ती अंगाला टेकावी, पण रुतू नये. नेहमीसारखा श्वास सोडल्यानंतर आकडा वाचावा. पोट आत ओढून घेतलेला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही. सकाळी जेवणापूर्वी दोनदा मोजावे. दोन आकड्यांत एक सेंटिमीटरहून अधिक फरक पडला, तर कोठेतरी टेप वाकडी झाली आहे असे समजावे. शिंप्याची जुनी कापडी टेप ताणलेली असते, ती घेऊ नये.

या मापालाही मर्यादा आहेत. गरोदर स्त्रीला ते लागू नाही, आणि पोटात पाणी झालेल्या रुग्णालाही नाही. आपल्या वसतिगृहातल्या मुलांना ९० आणि ८० च्या रेषा लावू नयेत. त्यांच्यासाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात. फार स्थूल व्यक्तीच्या बाबतीत घेर फारसे नवे काही सांगत नाही. उलट १८.५ खालचा बीएमआय आजही कुपोषणाची खूण आहे, तेथे टेपने समाधान मानणे घातक ठरेल. आणि घेर वाढला म्हणजे मधुमेह झाला, असे नाही. रक्त आणि रक्तदाब तपासण्याची वेळ आली, एवढेच तो सांगतो.

माझे म्हणाल तर त्या दिवसापासून रोज पाऊण तास भरभर चालतो, रात्रीचा भात निम्म्यावर आणला आणि चहातली साखर सोडली. वर्षाने वजन ६० किलो झाले, म्हणजे बीएमआय २२.८ वरून २२. शिबिरातली चिठ्ठी पुन्हा तोच शेरा देईल. कंबर मात्र ९४ वरून ८९ वर आली आणि उपाशीपोटीची साखर १०४. साडेब्याऐंशीला अजून साडेसहा सेंटिमीटर बाकी आहेत.